जयमाला आणि फिल्टरची सुई

जयमाला ओहोळ अँप्यूल फोडायला लागली की आम्ही हातातलं काम थांबवून बघायचो. बाहेरच्या माणसाला वाटेल, त्यात बघण्यासारखं काय? बोटाएवढी काचेची कुपी, मानेशी निमुळती, आत औषध. मान मोडायची आणि औषध सुईनं सिरिंजमध्ये ओढून घ्यायचं. पण स्वयंपाक सगळ्याच करतात, म्हणून सगळ्यांच्या हातच्या भाकऱ्या काही सारख्या होत नाहीत.

आधी ती नाव आणि तारीख वाचायची. मग कुपीच्या डोक्यावर नखानं टिचक्या मारून वर अडकलेलं औषध खाली उतरवायची. मानेला कानशीचा एकच ओरखडा, गोल घासत बसायचं नाही. नंतर स्पिरिटचा बोळा फिरवून स्पिरिट वाळेपर्यंत थांबायची. या थांबण्यापायी नव्या पोरींचा जीव वरखाली व्हायचा, पण जयमाला हलायची नाही. मग मानेभोवती गॉजची घडी, ओरखडा आपल्या समोर, आणि अंगापासून लांब एक झटका. टक. एवढाच आवाज. काठ असा सरळ की बोट फिरवावंसं वाटावं. आम्ही फोडली की दात पडलेल्या तोंडासारखा काठ निघायचा.

आमचं हॉस्पिटल मिशनचं, सोनईकडे जाणाऱ्या रस्त्याला. मी कृपा भिंगारदिवे, जयमालाच्याच बॅचची. ती खर्ड्याकडची, बौद्ध घरातली, मी इथलीच, चर्चच्या मागच्या आळीतली. ट्रेनिंगला दोघींची कॉट शेजारी शेजारी होती, तेव्हापासून भांडतो आहोत. पुढे मी वॉर्डात आणि ऑपरेशन थिएटरात दोन्हीकडे फिरत राहिले, ती मात्र थिएटरातून हलली नाही. नाकावर माशी बसू देत नसे. साखर कारखान्यात कामाला असलेला तिचा नवरा भाऊसाहेब म्हणायचा, "घरी पण चहाचा कप ठेवला तर विचारती, धुतला का निर्जंतुक केला?"

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला मला कळायला लागलं की हिला जवळचं दिसत नाही. वय झालं होतं, चाळिशी लागायचीच. पेपर वाचताना हात लांब लांब जायला लागला. औषधाची तारीख वाचायला ती कुपी खिडकीपाशी नेऊन उजेडाचं निमित्त करायला लागली. मी म्हटलं, "जयमाले, आता हात संपले, पाय लांब करून वाचशील का? नगरला जाऊन डोळे तपासून घे." तर म्हणाली, "माझे डोळे मला ठाऊक हायेत. तू तुझ्या वॉर्डाचं बघ."

हा नुसता ताठा नव्हता. त्यामागे भीती होती, आणि कशाची ते मला माहीत होतं. भीती होती लंकाबाईंच्या खोलीची.

लंकाबाई या जयमालाच्या आधीच्या थिएटर सिस्टर. अँप्यूल फोडण्याची रीत जयमाला त्यांच्याकडूनच शिकली. लंकाबाईंना चष्मा लागला, आणि तोंडाला मास्क बांधला की श्वासाची वाफ वर जाऊन चष्म्यावर धरायची. ऐन ऑपरेशनात काचा धुकटायच्या. पुसायला हात लावावा तर निर्जंतुक हातमोजे बाटायचे. एकदा गॉजच्या घड्या मोजताना चुकल्या, काही बिघडलं नाही, पण त्यानंतर त्यांना लिननच्या खोलीत पाठवलं. चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या, गाऊनच्या नाड्या शिवायच्या. पेन्शनीत निघेपर्यंत त्या तिथेच होत्या. कुणी त्यांना वाईट बोललं नाही. तेव्हापासून आमच्याकडे एक शब्दच झाला होता. कुणी डोळे चोळले की दुसरी म्हणायची, "चालली बाई लिननला."

जयमालाला हा विनोद कधी आवडला नाही.

त्याच वर्षी डॉक्टर जस्टिन साळवे भूलतज्ज्ञ म्हणून आले. वेल्लोरला शिकलेले, आणि जन्म आमच्याच बाळंतपणाच्या वॉर्डातला, त्यामुळे जुन्या आया त्यांना बघून अजून "केवढा झाला गं" म्हणायच्या. जाड भिंगांचा चष्मा. मास्कच्या वरच्या कडेला, नाकावर आडवी, एक चिकटपट्टी लावायचे. वॉर्डबॉय श्रीमंत म्हणायचा, डॉक्टरांच्या नाकाला जखम हाय. कुणी म्हणालं, वेल्लोरची फॅशन. आम्ही हसलो आणि विसरलो.

आल्यावर महिन्याभरात त्यांनी एक खोका उघडला. कुणा ओळखीच्या डॉक्टरांनी परदेशातून पाठवलेला होता. आत सुया होत्या, प्रत्येक वेगळ्या पाकिटात. दिसायला सुईसारखी सुई, फक्त बुडाच्या प्लास्टिकमध्ये एक बारीक चकती बसवलेली. जाळीच म्हणा, पण भोकं इतकी बारीक की डोळ्यांना दिसायची नाहीत.

"ही फिल्टरची सुई," डॉक्टर म्हणाले. "अँप्यूल फोडली की काचेचे कण आत पडतात. औषध या सुईनं ओढून घ्यायचं, कण जाळीत अडकतात. मग ही सुई काढायची, दुसरी नवी लावायची आणि पेशंटला द्यायचं."

जयमालानं पाकीट उलटसुलट बघितलं. "म्हंजी इतकी वर्षं मी माणसांना काचा टोचल्या?"

"तसं नाही म्हणत, सिस्टर. कुणीही फोडली तरी पडतात. कमरेत द्यायचं भुलीचं औषध असेल तर आणखी सांभाळायला हवं."

"कुणाचंही मला सांगू नका. माझ्या अँप्यूलमधून दाखवा."

मला आतून हसू येत होतं आणि काळजीही वाटत होती. डॉक्टरही कमी नव्हते. म्हणाले, दाखवतो.

ऑपरेशनं आटोपल्यावर दुपारी त्यांनी एक्स-रे खोलीतून वाया गेलेली एक फिल्म आणली, पूर्ण काळी पडलेली. ती धुऊन पुसून खिडकीच्या उन्हात टेबलावर ठेवली आणि मधोमध पेन्सिलीनं रेघ ओढली. जयमालानं डिस्टिल्ड वॉटरच्या कुप्या आपल्या रीतीनं फोडल्या, एकदम सरळ काठ. निम्म्या साध्या जाड सुईनं ओढून फिल्मच्या डाव्या बाजूला सांडल्या. निम्म्या फिल्टरच्या सुईनं ओढल्या, सुई बदलली, आणि उजव्या बाजूला. साक्षीला मी. पाणी वाळेपर्यंत चहा झाला.

मग तिघं वाकलो. डॉक्टरांनी फिल्म उन्हात जराशी तिरकी केली. उजवी बाजू काळीभोर होती. डाव्या बाजूला इथं एक, तिथं एक असं काहीतरी चमकत होतं, रांगोळी सांडल्यावर फरशीवर उरतं तसं. फार नव्हतं, पण होतं.

जयमालानं मान मागं घेतली, पुढं केली, डोळे बारीक केले. मग सरळ उभी राहिली. "बघा. दोन्हीकडं काही न्हाई."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. ते समजले होते. मला वाटतं त्यांनी मुद्दामच बोलायचं माझ्यावर सोडलं, आणि त्याचा मला रागच आला. पण गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

"आहे, जयमाला," मी म्हटलं. "डाव्या बाजूला काच आहे. मला इथून दिसते."

ती फिल्मकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. एकाच वेळी तिला दोन गोष्टी कळल्या होत्या, आणि काच ही त्यातली लहान गोष्ट होती. तिनं फिल्म उचलली, एका जुन्या पाकिटात घातली आणि कपाटाच्या मागं सरकवली. "उद्यापासून फिल्टरची सुई," एवढंच म्हणाली.

आणि जयमालाचं काम म्हणजे काम. दुसऱ्या दिवशी तिनं नव्या पोरींना गोळा करून शिकवायला घेतलं. सुई कुपीच्या बाहेरच्या काठाला टेकली की ती बाटते, टाकून द्या. आत हवा सोडू नका, औषध उसळून बाहेर येतं. कुपी थोडी कलती करा, सावकाश ओढा, घाईनं ओढलं की जाळीवर जोर पडतो. औषध ओढलं की दट्ट्या अजून थोडा मागं घ्या, म्हणजे सुईत राहिलेलं आत येईल. मग फिल्टरची सुई काढा, नवी लावा, आणि हवा त्या नव्या सुईतून काढा.

एका पोरीनं विचारलं, "सिस्टर, फिल्टरचीच सुई ठेवली तर? एक सुई वाचंल."

आमच्याकडे सुया उकळून उकळून वापरायची सवय मुरलेली. पोरीचं चुकलं नव्हतं. जयमालानं तिला जवळ बोलावलं. "चाळणीत पीठ चाळलं की कोंडा कुठं राहतो?"

"चाळणीत."

"मग तीच चाळणी पिठावर उलटी करशील का? आत येताना काच जाळीत अडकली. त्याच जाळीतून औषध उलटं ढकललं की काच पुढं निघाली, पार पेशंटच्या अंगात. त्यापेक्षा फिल्टर नसलेलं बरं. आणि उकळायला पण ठेवायची न्हाई. एकदा वापरली की टाकायची."

मी दारातून ऐकत होते. इतकं सोपं करून सांगणारी बाई तारीख वाचायला खिडकीपाशी जाते, याचं मला वाईट वाटलं. फिल्टरच्या सुईनं तिला थोडा दिलासा मिळाला होता, हेही मला दिसत होतं. काच दिसण्याची आता गरजच नव्हती. जाळी तिच्या वतीनं बघत होती. चष्म्याचा विषय मी पुन्हा काढला तर म्हणाली, "आता कशाला?"

मग पावसाळा सरता सरता सोनईची एक पहिलटकरीण आली. बाळ आडवं होतं, सिझर करायचं ठरलं. त्या दिवशी मदतीला थिएटरात मी होते. जयमालानं कमरेतल्या औषधाची कुपी फोडून धरली, डॉक्टरांनी निर्जंतुक हातांनी फिल्टरच्या सुईनं औषध ओढलं, सुई बदलली, दिलं. बाईचे पाय जड झाले. सर्जनबाईंनी सुरुवात केली.

थोड्या वेळात ती बाई म्हणाली, "मला मळमळतंय. डोळ्यापुढं अंधारी आली."

कमरेत भूल दिल्यावर कधी कधी प्रेशर असं पडतं. डॉक्टरांनी मशीनकडे बघितलं, सलाईन जोरात सोडली, टेबल डावीकडे कललेलं आहे ना ते तपासलं. "सिस्टर, प्रेशरचं औषध भरा."

जयमालानं कुपी फोडली. टक. फिल्टरच्या सुईनं औषध ओढलं. तेवढ्यात सर्जनबाई म्हणाल्या, "लाइट खाली घ्या, मला दिसत नाही." तिनं सिरिंज ट्रेमध्ये ठेवली, लाइटचा दांडा धरून खाली ओढला, आणि परत येऊन सिरिंज उचलली.

"द्या," डॉक्टरांनी हात पुढं केला. औषध ड्रिपच्या रबरातून द्यायचं होतं.

जयमालानं सिरिंज दिली नाही.

ती हातातल्या सुईकडे बघत होती. लांब धरून, जवळ धरून. ट्रेमध्ये नव्या सुईचं पाकीट फाडून ठेवलेलं होतं, पण आपण ते फक्त फाडलं की आतली सुईही लावली, हे तिला आठवेना. आठवत नाही तर बघावं, आणि बघितलं तर बुडाची ती चकती दिसेना. दुसरी लावावी तर ट्रेमधली साधी कुठली आणि फिल्टरची कुठली, तेही कळेना. सुईसारखी सुई.

"सिस्टर?" डॉक्टर म्हणाले.

तिच्या जागी दुसरी कुणी असती तर सिरिंज देऊन मोकळी झाली असती. निम्म्या वेळा सुई बरोबरच निघाली असती. आणि नसती निघाली तरी त्या दिवशी कुणाला काय कळलं असतं? बारीकसा कण, रक्तात गेला, संपलं. दिली असती तर तिचं थिएटर तिच्याकडे राहिलं असतं. हे सगळं तिच्याही डोक्यात आलं असणार, कारण मास्कच्या वरचे तिचे डोळे मी बघत होते.

"डॉक्टर, देऊ नका," ती म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "कुठली सुई लागलीय, मला दिसत न्हाई. मला जवळचं दिसतच न्हाई. कृपे, तू भर."

मी पुढं झाले. तिच्या हातातली सुई फिल्टरचीच होती. शंका आली की टाकायचं, म्हणून मी ती सिरिंज बाजूला टाकली, दुसरी कुपी घेतली, टिचकी, बोळा, गॉज, माझा तो दातपडका काठ, फिल्टरची सुई, औषध, सुई बदलली. बदलताना मोठ्यानं म्हणाले, "सुई बदलली." डॉक्टरांनी औषध दिलं. प्रेशर हळूहळू वर आलं. बाईला तरतरी आली, आणि पोर बाहेर येऊन रडलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, बोटं सगळी हायेत का. सर्जनबाई हसल्या. जयमाला भिंतीशी उभी होती, हात मागं बांधून, म्हणजे चुकून कशाला लागायला नको.

सकाळी ती थिएटरात आली नाही. मी क्वार्टरवर गेले तर भाऊसाहेब म्हणाला, "ती कवाच गेली ड्युटीला." मग मला कळलं. लिननच्या खोलीत जाऊन बघते तर लंकाबाईंच्याच स्टुलावर बसून बाई चादरीच्या घड्या घालत होती. कडा अशा जुळवलेल्या की बघत राहावं.

"तुला कुणी सांगितलं इथं यायला?" मी ओरडलेच.

"कुणी सांगायची वाट कशाला बघायची? आपली आपण आलेलं बरं." तिनं घडीवर हात फिरवला. मग तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं, आईला माती देऊन आली तेव्हाही नाही. मी चादरी बाजूला सारून तिच्याजवळ बसले.

दारात डॉक्टर जस्टिन उभे राहिले. "सिस्टर, थिएटरची लिस्ट आहे आणि तुम्ही इथं?"

"मी काल काय म्हणाले ते ऐकलं न्हाई का तुम्ही?"

"ऐकलं. त्यासाठीच आलोय. कालच्यासारखं सांगणारी सिस्टर मला थिएटरात हवी. चष्मा करून घ्या आणि या."

"चष्म्यावर वाफ धरती मास्कमध्ये. लंकाबाईंचं तेच झालं."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. "ही पट्टी मी कशाला लावतो, असं वाटलं तुम्हाला?"

नाकाला जखम आहे असं वाटलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

"मास्कची वरची कड नाकाला घट्ट चिकटवली की श्वास वर येत नाही, खालून जातो," ते म्हणाले. "माझा चष्मा एवढा जाड, मी दुसरं काय करणार?"

त्याच आठवड्यात मी तिला नगरला घेऊन गेले. चष्म्याच्या दुकानदारानं अक्षरांचा कागद हातात दिला, आणि तिनं सवयीनं हात लांब केला, मग हसून जवळ घेतला. परत येताना एसटीत ती तिकिटामागचं सगळं वाचत बसली होती, छापखान्याचं नावसुद्धा.

थिएटरात आल्यावर तिनं आधी कपाटामागचं पाकीट काढलं. फिल्म खिडकीशी नेली आणि चष्म्यातून बघितली. धूळ बसली होती, तरी पेन्सिलीची रेघ दिसत होती आणि डावीकडचे कणही. ती बराच वेळ बघत होती.

"एवढे?" ती म्हणाली.

"थोडे आहेत गं. दुसऱ्या कुणाच्या जास्त असते."

तिनं फिल्म खाली ठेवली. मास्क बांधला. चिकटपट्टीचा तुकडा फाडून नाकावर आडवा दाबला आणि जोरात श्वास सोडला. काचा स्वच्छ राहिल्या. पुन्हा एकदा सोडला. तरी स्वच्छच. मला वाटलं, आता ही हसेल. पण ती हातातल्या चिकटपट्टीच्या रिळाकडे बघत होती. ते रीळ आमच्या ट्रेमध्ये कायमच असायचं, लंकाबाई होत्या तेव्हाही.

"कृपे," ती म्हणाली, "बाईंना एवढीशी पट्टीच हवी हुती."

बाहेर श्रीमंत पेशंटची गाडी ढकलत आणत होता. जयमालानं अँप्यूल उचलली, नाव आणि तारीख जिथल्या तिथं उभी राहून वाचली, आणि नखानं टिचकी मारली.